अंगणातली सदाफुली आणि पेशीतला पंप

मुलांनो, नागपूरला आलात तर धंतोलीत एक चक्कर जरूर मारा. बघायला किल्ला नाही, तलाव नाही. पण यशवंत स्टेडियमकडून आत शिरलात की दर दोन-चार इमारतींमागे एक दवाखान्याची पाटी दिसेल, आणि दोन दवाखान्यांच्या मधे औषधांचं दुकान. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, पार बालाघाट-छिंदवाड्याहून माणसं इथं पेशंट घेऊन येतात. पेशंट दवाखान्यात आणि नातेवाईक आसपासच्या घरांत खोली घेऊन, असा इथला रिवाज. आमच्याही जुन्या घराच्या मागे अशी एक खोली आहे. तिच्यापुढे अंगण, आणि अंगणात सदाफुलीची रांग. गुलाबी आणि पांढरी. कुणी मुद्दाम लावलेली नाही, आपली आपणच उगवते आणि नागपूरच्या मे महिन्यातही हसत असते.

काही वर्षांपूर्वी त्या खोलीत यवतमाळकडच्या एक आजी राहायला आल्या. त्यांच्या नऊ वर्षांच्या नातीला रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचार झाले, मुलगी बरी होऊन गावी गेली, शाळेतही जायला लागली. दोन वर्षांनी आजी पुन्हा तीच पिशवी घेऊन दारात उभ्या. आजार उलटला होता. डॉक्टरांनी या वेळी औषधं बदलली. काही जुनी ठेवली, काही नवी घातली.

संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या आजींनी मला विचारलं, "मास्तर, मागच्या खेपेला त्याच औषधानं पोरगी खडखडीत झाली होती. आता तेच औषध काऊन नाही चालत? औषध तर तेच आहे ना?"

मी शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पण त्या क्षणी मला धड उत्तर देता आलं नाही. मग मी वाचायला बसलो. जे सापडलं ते आजींना सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगतो.

सुरुवात सदाफुलीपासूनच करायला हवी. कारण त्या मुलीला सलाइनमधून जी औषधं मिळत होती त्यातलं एक, व्हिन्क्रिस्टीन, हे याच झाडातून मिळतं. गंमत बघा, दवाखान्यात बाटलीतून तेच औषध आणि अंगणात तेच झाड! १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे दोघं शास्त्रज्ञ सदाफुलीच्या पानांवर काम करत होते. जमैकाकडचे लोक ही पानं मधुमेहावर वापरतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. मधुमेहावर काही उपयोग दिसेना. पण पानांचा अर्क दिलेल्या प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र एकदम कमी झाल्या. रक्ताच्या कर्करोगात याच पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. तेव्हा दोघांच्या लक्षात आलं की हाताला भलतंच काही लागलं आहे. त्यातून व्हिन्ब्लास्टीन मिळालं आणि पाठोपाठ दुसऱ्या एका प्रयोगशाळेत त्याचं भावंड व्हिन्क्रिस्टीन.

(हे वाचून कुणी सदाफुलीची पानं चावायला जाऊ नका हं! एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. लहान मुलाला एका वेळी जास्तीत जास्त दोन मिलिग्रॅम देतात, तेही शिरेतून. झाडात इतरही विषारी द्रव्यं पुष्कळ आहेत.)

हे औषध करतं काय? एका पेशीच्या दोन पेशी होताना आत बारीक दोऱ्यांचं एक जाळं तयार होतं. त्या दोऱ्या गुणसूत्रं ओढून दोन्ही बाजूंना वाटून देतात. व्हिन्क्रिस्टीन त्या दोऱ्या विणूच देत नाही. मग विभागणी अर्ध्यात अडते आणि पेशी मरते. पण त्यासाठी एक अट आहे. औषध पेशीच्या आत पोचलं पाहिजे, आणि पुरेशा प्रमाणात आत राहिलं पाहिजे. आजींच्या प्रश्नाची गोम या दुसऱ्या अटीत दडलेली आहे.

लाइट गेल्यावर कळलेली गोष्ट

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली. मोरभवनच्या बसस्थानकात उभ्या बस पाण्यात बुडाल्या. आमच्या शेजारच्या इमारतीच्या तळघरात त्यानंतर कित्येक दिवस पाणी झिरपत होतं. तिथं पंप लावून रात्रंदिवस उपसा चालू होता.

माझा नातू शाळेतून येता-जाता डोकावून बघायचा. एक दिवस म्हणाला, "आबा, आता गळती थांबली. तळघर कोरडं आहे."

मी म्हटलं, "थांब जरा. लाइट जाऊ दे."

दुपारी लाइट गेली. पंप बंद. तासाभरात पाणी घोट्यापर्यंत आलं. लाइट आली, पंप धडधडला, पाणी पुन्हा खाली. म्हणजे गळती थांबलीच नव्हती! पाणी येतच होतं, फक्त आल्या आल्या बाहेर फेकलं जात होतं. नुसतं कोरडं तळघर बघून भिंत पक्की आहे की पंप चालू आहे, हे सांगता येत नाही. लाइट गेली की मात्र लगेच कळतं.

ही गोष्ट डोक्यात ठेवा. आता आपण जाऊ कॅनडातल्या टोरांटोला.

१९७० च्या दशकात तिथं व्हिक्टर लिंग आणि त्यांचे सहकारी हॅम्स्टर नावाच्या, उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या पेशी काचेच्या बशीत वाढवत होते. त्यांनी त्या पेशींवर कोल्चिसीन नावाचं विष अगदी थोडं टाकलं. (हे विष आपल्याकडच्या कळलावीतही असतं. पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं येतात ना, तीच.) बहुतेक पेशी मेल्या, थोड्या वाचल्या. वाचलेल्या वाढवल्या आणि विष थोडं वाढवलं. पुन्हा काही वाचल्या. असं पायरी पायरीनं करत शेवटी अशा पेशी मिळाल्या की मूळ पेशी ज्या विषात पटापट मेल्या असत्या, त्यात या सुखानं नांदत होत्या.

इथपर्यंत ठीक. विषाची सवय झाली म्हणू. पण या पेशींवर दुसरी, त्यांनी कधी न पाहिलेली औषधं टाकली तर त्यांनाही त्या दाद देईनात! त्यातलं एक औषध बुरशीसारख्या जिवाणूतून काढलेलं, एक दुसऱ्याच झाडातलं. रेणूंचे आकार वेगळे, काम करायच्या जागाही वेगळ्या. एका कुलपाची किल्ली हरवली आणि गावातली सगळी कुलपं बंद झाली, असा प्रकार. एका औषधानं शिकवलेला धडा पेशी दहा औषधांवर वापरत होती. यालाच डॉक्टर 'बहुऔषध-प्रतिरोध' म्हणतात.

या पेशींच्या आत औषध कमी सापडायचं, एवढं नक्की होतं. १९७६ साली रुडॉल्फ ज्युलियानो आणि लिंग यांना या दांडग्या पेशींच्या पटलात एक भलं मोठं प्रथिन सापडलं. साध्या पेशींत ते जवळजवळ नव्हतंच. त्यांना वाटलं, या प्रथिनामुळे पटलाची भिंत घट्ट झाली असणार आणि म्हणून औषध आत शिरत नसणार. म्हणून त्याचं नाव ठेवलं पी-ग्लायकोप्रोटीन. यातला 'पी' पटलातून आरपार जाण्याच्या गुणासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचा.

म्हणजे ते माझ्या नातवासारखंच म्हणत होते. तळघर कोरडं आहे, तेव्हा भिंत पक्की असणार!

पण कोपनहेगनमध्ये केल्ड डानो यांनी १९७३ सालीच लाइट घालवून पाहिली होती. त्यांच्याकडे उंदराच्या गाठीतल्या पेशी होत्या आणि डॉनोमायसिन नावाचं औषध. डानोंनी पेशींची ऊर्जा तोडली. ग्लुकोज काढून घेतलं आणि ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बंद पाडणारं द्रव्य घातलं. लगेच दांडग्या पेशींतही औषध भराभर साचायला लागलं. मग ग्लुकोज परत दिलं, आणि साचलेलं औषध बाहेर पडू लागलं. भिंत घट्ट असती तर लाइट गेल्यावर पाणी चढलं नसतं. तेव्हा आत पंप होता, यात शंका उरली नाही. पुढं कळलं की टोरांटोचं ते भलं मोठं प्रथिन हाच तो पंप. नाव मात्र चुकीच्या समजुतीवरून पडलं ते आजतागायत तसंच राहिलं. विज्ञानात असं होतं कधी कधी.

कपड्याच्या चिमट्याची करामत

आता दोरीवर कपडे वाळत घालायचा एक चिमटा घेऊन या. प्लॅस्टिकचा, लाकडाचा, कोणताही चालेल. तोंड वर आणि धरायचे दोन पाय खाली, असा उभा धरा. काहीच दाबलं नाही तर पाय फाकलेले आणि तोंड मिटलेलं. पाय दाबले की ते जवळ येतात आणि तोंड उघडतं.

पी-ग्लायकोप्रोटीन साधारण असंच चालतं. ते पेशीपटलात रोवलेलं असतं. तोंड पेशीच्या बाहेर, पाय पेशीच्या आत. पाय फाकलेले असताना मधे एक मोठी पोकळी तयार होते, आणि ती पेशीच्या आतल्या बाजूला उघडी असते. आता पेशीपटल हे स्निग्ध पदार्थाचं, तुपातेलासारखं. ही बहुतेक औषधंही तेलात मिसळणारी. म्हणून ती पटलात शिरतात, पण आत पोचायच्या आधीच, पटलातून सरकता सरकताच, त्या पोकळीत सापडतात. मग दोन्ही पायांशी एटीपीचा एकेक रेणू येऊन बसतो. एटीपी म्हणजे पेशीची ऊर्जेची चिल्लर, हे तुम्ही नववी-दहावीच्या पुस्तकात वाचलंच असेल. ते दोन रेणू बसले की पाय जवळ ओढले जातात, वरचं तोंड उघडतं आणि औषध बाहेर. नंतर एटीपी तुटतं, पाय पुन्हा फाकतात, आणि चिमटा पुढच्या रेणूसाठी तयार.

पायांकडच्या या भागाला एटीपी-बाइंडिंग कॅसेट म्हणतात. आद्याक्षरं घेतली तर एबीसी! कॅसेट म्हणजे टेपरेकॉर्डरमध्ये घालायची ती, तुमच्या आईबाबांना विचारा. एकच कॅसेट कुठल्याही टेपमध्ये चालायची, तसा हा ऊर्जा घेण्याचा भाग निसर्गानं कितीतरी वेगवेगळ्या यंत्रांत बसवला आहे. माणसाच्या शरीरातच या 'एबीसी' घराण्याची ४८ जनुकं आहेत. कुणी चरबी वाहतं, कुणी पित्तातले क्षार. सगळेच औषधं बाहेर फेकत नाहीत.

पण एकाच पोकळीत इतकी निरनिराळी औषधं मावतात कशी? ही पोकळी कुलपाच्या भोकासारखी नसून पिशवीसारखी आहे. किल्ली जुळायला लागत नाही. रेणू साधारण मोठा असावा आणि तेलात मिसळणारा असावा, एवढंच तिचं म्हणणं. सदाफुलीचं औषध, कळलावीचं विष, लालभडक डॉनोमायसिन, सगळं त्यात जातं.

हा पंप खरोखर एटीपी खातो का, हे पेशीच्या बाहेर काढून बघायला हवं होतं. ते काम १९९२ साली अमेरिकेत सुरेश अंबुडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. नाव वाचून कान टवकारले ना? त्यांनी माणसाच्या पेशींतून हे प्रथिन वेगळं काढून चरबीच्या सूक्ष्म बुडबुड्यांत बसवलं आणि एटीपी किती तुटतं ते मोजलं. सदाफुलीचं व्हिन्ब्लास्टीन घातलं की एटीपी तुटण्याचा वेग वाढायचा. पंपाच्या तोंडाशी पाणी आलं की मोटरचा आवाज बदलतो, तसंच काहीसं.

डोस वाढवला तर?

"मग औषध जास्त द्यायचं," असं तुम्ही म्हणाल. आजीही म्हणाल्या होत्या. थोडं गणित करून बघू. आकडे मनाचे आहेत, हिशोब समजावा म्हणून.

समजा, दर मिनिटाला औषधाचे १० रेणू पेशीत शिरतात. आत जेवढे असतील त्यांचा दहावा हिस्सा दर मिनिटाला आपोआप बाहेर झिरपतो. मग आत १०० रेणू झाले की १० येणार आणि १० जाणार. पातळी १०० वर थांबेल. पेशी मरायला ५० पुरतात असं धरू. म्हणजे पेशी मेली.

आता पंपवाली पेशी घ्या. झिरपणं तेवढंच, शिवाय आतल्यापैकी दहातले चार हिस्से पंप दर मिनिटाला फेकतो. मिळून निम्मे बाहेर. येतात १०, तेव्हा पातळी २० वरच थांबेल. २० चे निम्मे १०, बरोबर? पेशी सहीसलामत. तिला ५० पर्यंत न्यायचं तर मिनिटाला २५ रेणू आत गेले पाहिजेत, म्हणजे डोस अडीचपट. पण त्याच डोसात शरीरातल्या ज्या चांगल्या पेशींना असा पंप नाही त्यांच्या आत २५० रेणू साचतील! रक्त तयार करणाऱ्या पेशी, केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी, नसा. व्हिन्क्रिस्टीन जास्त झालं तर हातापायांच्या नसा बधिर होतात, म्हणून तर त्याला दोन मिलिग्रॅमची मर्यादा. गाठीतल्या पेशीला पंपानं थोडीशी सवलत मिळाली, तरी रुग्णाला ती भारी पडते.

आणखी एक हिशोब. रक्ताचा कर्करोग सापडतो तेव्हा शरीरात त्या पेशी सुमारे एक लाख कोटी असतात. औषधांनी हजारातल्या ९९९ मारल्या तरी १०० कोटी उरतात, आणि त्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही नाहीत. मुलगी हसते, खेळते, शाळेत जाते. उरलेल्यांत पंप जास्त असलेल्या थोड्या पेशी असतील तर औषधांच्या माऱ्यात त्याच टिकतात, त्याच वाढतात. म्हणून उपचार बरे वाटल्यावरही महिनोन्‌महिने, कधी दोन-दोन वर्षं चालू ठेवतात.

पंप आहे की नाही हे कळतं कसं? ऱ्होडामीन नावाचा एक हिरवा चमकणारा रंग आहे. पंप त्यालाही फेकतो. रुग्णाच्या पेशींत हा रंग भरायचा आणि थोड्या वेळानं बघायचं. चमक टिकली तर पंप नाही. चमक गेली तर पंप असावा. मग पंप अडवणारं द्रव्य घालून पुन्हा बघायचं, आणि आता चमक टिकली तर खात्री. ही पुन्हा तीच लाइट घालवण्याची युक्ती!

पंपाच्या तोंडात बोळा

पंप अडवता येतो, हे १९८१ साली जपानमध्ये ताकाशी त्सुरुओ यांनी दाखवलं. व्हेरापामिल हे रक्तदाबाचं, हृदयाचं औषध. ते घातल्यावर व्हिन्क्रिस्टीनला दाद न देणाऱ्या उंदराच्या कर्करोगपेशी पुन्हा दाद देऊ लागल्या. व्हेरापामिल पंपाच्या पिशवीत अडकून बसतं, आणि पंप त्यातच गुंततो. सगळ्यांना वाटलं, झालं काम! औषध तर दुकानातच मिळतं.

पण बशीतल्या पेशींना हृदय नसतं. माणसाच्या रक्तात व्हेरापामिल तेवढं चढवायचं तर हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब कोसळतो. मग खास पंपासाठी बनवलेली द्रव्यं आली. व्हॅल्सपोडार हे त्यातलं गाजलेलं नाव. इथं वेगळीच अडचण निघाली, आणि ती समजायला नेदरलँड्समधल्या उंदरांची गोष्ट ऐकायला हवी.

ॲमस्टरडॅममध्ये आल्फ्रेड शिंकेल यांनी असे उंदीर तयार केले होते की ज्यांच्यात या पंपाचं एक जनुकच नव्हतं. उंदीर धडधाकट होते, पिल्लं होत होती. तेवढ्यात पिंजऱ्यांत गोचिडीसारख्या बारीक किडींचा उपद्रव झाला. नेहमीसारखं आयव्हरमेक्टिन हे कीडनाशक फवारलं. साध्या उंदरांना काही झालं नाही. पंप नसलेले मात्र जवळजवळ सगळे मेले! तपासलं तर त्यांच्या मेंदूत आयव्हरमेक्टिन भरलेलं. १९९४ साली ही गोष्ट छापून आली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत हाच पंप पहारा देत असतो आणि भलतंसलतं मेंदूत जाऊ देत नाही, हे एका फवारणीनं कळलं.

असाच तो आतड्यात असतो, यकृतात असतो, मूत्रपिंडात असतो. खाण्यातून आलेलं विष परत ढकलणं हे त्याचं रोजचं काम. कर्करोगाच्या पेशीनं हा पंप नवीन शोधून काढलेला नाही. आपल्याच घरातला चौकीदार तिनं आपल्या दाराशी उभा केला आहे. म्हणून व्हॅल्सपोडार दिलं की यकृताकडून औषधं बाहेर टाकण्याचं कामही मंदावलं. औषधं रक्तात साचू लागली आणि डॉक्टरांना त्यांचे डोसच कमी करावे लागले. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. मोठ्या चाचण्यांत रुग्णांना म्हणावा तसा फायदा दिसला नाही. पंपाला बोळा लावण्याचे प्रयत्न अजून चालू आहेत, पण दवाखान्यात रोज वापरावं असं औषध त्यातून हाती आलेलं नाही.

दह्यातला चुलतभाऊ

१९८६ साली पंपाच्या जनुकाची अक्षरं वाचली गेली, तेव्हा संशोधक चक्रावले. त्यातला कॅसेटचा भाग जिवाणूंच्या काही प्रथिनांशी हुबेहूब जुळत होता. माणूस कुठे आणि जिवाणू कुठे!

मग नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनच्या विद्यापीठात हेन्ड्रिक व्हान वेन आणि विल कोनिंग्स यांना लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूत एक पंप सापडला. हा जिवाणू तुमच्या ओळखीचा आहे. दूध विरजणारा, दह्या-ताकात असणारा, अगदी निरुपद्रवी. त्याचा पंप आपल्या पंपाच्या निम्माच, पण दोन मिळून एक पूर्ण चिमटा होतो. १९९८ साली या मंडळींनी त्याचं जनुक माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींत घातलं. आणि त्या पेशी सदाफुलीच्या औषधाला दाद देईनाशा झाल्या! ताकातल्या जिवाणूनं तो चिमटा कधी सदाफुलीच्या औषधासाठी बनवला असेल का? पण पिशवी तीच, ऊर्जा तीच, आणि व्हेरापामिलनं अडतोही तसाच.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर गैरसमज व्हायचा. रोग करणारे जिवाणू प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, त्याला हा एबीसी पंप हे मुख्य कारण नाही. बरेचसे जिवाणू औषधच तोडून टाकतात, किंवा औषध जिथं बसतं ती जागा बदलतात. पंप असतात, पण त्यातले बहुतेक वेगळ्या घराण्यांचे. ते एटीपीवर चालत नाहीत. जिवाणूच्या बाहेर हायड्रोजनचे धनभारित कण दाटलेले असतात, ते आत घुसताना त्यांच्या जोरावर ते फिरतात. हा विजेचा पंप, तर ती पाणचक्की म्हणा. पण नुसता पंप असला तरी जिवाणू थोड्या औषधात तग धरतो, मरत नाही. तेवढ्या मुदतीत त्याच्या पिढ्यांमागून पिढ्या होतात, आणि त्यातल्या एखादीत जागा बदलण्याची युक्ती साधली जाते.

परत आजींकडे येऊ. हे सगळं मी त्यांना चिमटा हातात घेऊनच समजावलं. त्यांच्या नातीच्या बाबतीत पंपच कारण होता, असं डॉक्टर म्हणाले नव्हते. आजार उलटण्याची इतरही कारणं असतात, मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तर पुष्कळच, आणि मोठ्या माणसांच्या काही प्रकारांत पंपाचा हात जास्त स्पष्ट दिसतो. तेही मी सांगितलं. आजींनी चिमटा दोन-तीनदा दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "म्हणजे औषध आत गेलं की हा हाकलते. मंग आत जायाचंच नाही असं औषध नाही का?"

मी चाटच पडलो. कारण असं औषध आहे, आणि नव्या यादीत त्याचे डोस वाढवलेले होते! ॲस्परॅजिनेज त्याचं नाव. ते मिळतं आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूपासून. ते पेशीत शिरतच नाही. रक्तातच राहून ॲस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल तोडत बसतं. चांगल्या पेशी ते आपलं आपण बनवतात. रक्ताच्या कर्करोगाच्या या प्रकारातल्या पेशींना ते नीट बनवता येत नाही, रक्तातून घ्यावं लागतं. रसदच तुटली की त्या उपाशी मरतात. पंप दाराशी कितीही ताकदीनं उभा असो, फेकायला त्याच्या हाती काही लागतच नाही. त्याचा त्रास वेगळा. काही मुलांना त्याची जोरदार ॲलर्जी होते, म्हणून टोचल्यावर नर्सबाई तासभर जवळ बसून राहतात.

आजी चार महिने राहिल्या. जाताना मुलीनं अंगणातल्या सदाफुलीची दोन रोपं मागितली. मी मुळाशी माती धरून, ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. मागच्या दिवाळीला फोन आला होता. मुलगी आता आठवीत आहे, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला धंतोलीत येते. आणि रोपांची आता रांग झाली आहे म्हणे.